पांढऱ्या चॉकलेटातलं कोको बटर

पांढऱ्या चॉकलेटमध्ये कोको नसतोच, मग ते चॉकलेट कसलं, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. त्यात तथ्य आहे, पण अर्धंच.

कोकोच्या बिया आंबवून, वाळवून, भाजून त्यांची टरफलं काढली की आतल्या गरात जवळजवळ निम्मी चरबी असते. गर वाटून दाबयंत्रात दाबला की ही फिकट पिवळी चरबी, म्हणजे कोको बटर, गळून वेगळी होते. मागे राहिलेल्या पेंडीची कोको पावडर होते. या दाबयंत्राचं पेटंट नेदरलँड्समध्ये १८२८ साली व्हॅन हाउटन यांच्या नावे झालं. तपकिरी रंग आणि कडवटपणा बहुतेक पेंडीतच राहतो. कोको बटरमध्ये साखर, दूध पावडर आणि व्हॅनिला घोटलं की पांढरं चॉकलेट तयार.

अमेरिकेत त्याचं अधिकृत मानक २००४ पासून लागू झालं. कोको बटर किमान २० टक्के, दुधाचे घन पदार्थ किमान १४ टक्के आणि साखर जास्तीत जास्त ५५ टक्के. आता हिशेब करून पाहा. शंभर ग्रॅमच्या वडीतलं २० ग्रॅम कोको बटर काढायला साधारण ४० ग्रॅम गर लागतो. त्याच देशात मिल्क चॉकलेटला वाटलेल्या गराची किमान अट फक्त १० टक्के आहे. म्हणजे नियमाच्या किमान मापाने पाहिलं, तर कोकोच्या बीचा वाटा पांढऱ्या वडीत जास्त भरतो! तिला चॉकलेट न म्हणणं अन्यायाचंच आहे.

खरी शंका घ्यायला हवी ती कंपाउंडबद्दल. केकच्या सजावटीसाठी मिळणाऱ्या स्वस्त पांढऱ्या लादीत कोको बटरऐवजी बहुधा पाम कर्नेलसारख्या तेलाची घट्ट केलेली चरबी असते. ती वितळवून साच्यात ओतली की झालं. कोको बटरचे लाड मात्र करावे लागतात. त्याचे स्फटिक सहा प्रकारचे असतात आणि त्यांतला एकच प्रकार वडीला चकाकी आणि कटकन तुटण्याचा गुण देतो. त्यासाठी पांढरं चॉकलेट सुमारे ४५ अंशांपर्यंत वितळवून, २७ अंशांच्या आसपास थंड करून, पुन्हा किंचित गरम करतात. याला टेंपरिंग म्हणतात. ते चुकलं की वडी मऊ राहते आणि तिच्यावर राखाडी चट्टे येतात.

फरक जिभेलाही कळतो. कोको बटर ३४ अंशांच्या सुमाराला, शरीराच्या उष्णतेच्या जरा खालीच, एकदम वितळतं. कंपाउंड अनेकदा टाळूला मेणासारखं चिकटून राहतं. पांढराशुभ्र रंगही संशयास्पदच, कारण कोको बटरने वडीला हस्तिदंती छटा येते. तरी खात्रीचा पुरावा वेष्टनावरची घटकांची यादीच.

युरोपीय संघाच्या नियमात इतर वनस्पतिजन्य चरबीला ५ टक्क्यांपर्यंत मुभा आहे, पण कोको बटरचं किमान प्रमाण कमी न करता. ज्या सहा चरबींना परवानगी आहे, त्यांत आंब्याच्या कोयीची चरबी आहे आणि कोकणातल्या कोकमाच्या बियांचं तेलही! ते कोको बटरपेक्षा थोड्या जास्त तापमानाला वितळतं, म्हणून गरम हवेत वडी टणक ठेवायला उपयोगी पडतं.