पाणी तोलून प्रवाहमापकाची परीक्षा

प्रवाहमापकाचे वजनी पद्धतीने कॅलिब्रेशन करताना मापकातून गेलेले पाणी एका टाकीत गोळा करून तोलतात आणि त्या वजनावरून मापकाने दाखवलेला आकडा तपासतात. वजन आणि वेळ या दोन्ही गोष्टी फार अचूक मोजता येतात, म्हणून पाण्याच्या मापकांसाठी ही पद्धत मूळ प्रमाण मानली जाते. आयएसओ ४१८५ हे आंतरराष्ट्रीय मानक याच पद्धतीचे आहे. भारतात केरळमधील पालक्काडच्या फ्लुइड कंट्रोल रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये या कामाची मोठी सोय आहे.

पाणी उंचावरच्या टाकीतून येते. पंप या टाकीत गरजेपेक्षा जास्त पाणी चढवत राहतो आणि जादा पाणी कडेवरून सांडून परत हौदात जाते. त्यामुळे टाकीतली पातळी हलत नाही आणि खालच्या नळात दाब स्थिर राहतो. पुढे सरळ पाइप, त्यात तपासायचा मापक, मग प्रवाह ठरवणारा व्हॉल्व्ह आणि शेवटी चपटा, पसरट नोझल अशी मांडणी असते. व्हॉल्व्ह मुद्दाम मापकाच्या पुढे बसवतात, कारण तो आधी असला तर त्याने घुसळलेले पाणी मापकात शिरते. नोझलखाली डायव्हर्टर असतो. हे एक हलते पाते असून ते पाण्याची धार क्षणात हौदाकडून वजनाच्या टाकीकडे वळवते. प्रवाह आधीच स्थिर झालेला असतो. तो न थांबवता फक्त त्याची दिशा बदलते. पाते धारेच्या मध्यावर आले की एक संवेदक टायमर आणि मापकाचे पल्स मोजणारा काउंटर एकदमच सुरू करतो, आणि पाते परतताना दोन्ही बंद करतो.

समजा, १०० मिलिमीटर व्यासाचा विद्युतचुंबकीय मापक ताशी १०० घनमीटर प्रवाहावर तपासायचा आहे आणि तो लिटरमागे १० पल्स देतो. पाणी ६० सेकंद गोळा केले. काट्यावर आधी ११२.४ किलो होते. पाणी संथ झाल्यावर १७७२.४ किलो दिसले. म्हणजे १६६० किलो पाणी आले. पल्स १६,७४२ मोजले गेले, म्हणजे मापकाच्या हिशेबाने १६७४.२ लिटर.

एक किलो म्हणजे एक लिटर असे धरले, तर मापक ०.८६ टक्के जास्त दाखवतो असे दिसते. पण २५ अंश सेल्सियसला पाण्याची घनता घनमीटरला ९९७.०५ किलो असते. तिने भागल्यावर १६६४.९ लिटर येतात आणि चूक ०.५६ टक्क्यांवर उतरते. अजून हवा उरली. टाकीतले पाणी जितकी हवा बाजूला सारते, तितका तिचा उचल त्या पाण्याला मिळतो. काटा पोलादी वजनांनी जुळवलेला असतो. तेवढ्याच वजनाचे पोलाद पाण्यापेक्षा खूप कमी जागा घेते, म्हणून त्याला मिळालेला उचल बराच कमी असतो. या फरकापोटी वजनाला साधारण १.००१०४ ने गुणावे लागते. मग आकारमान १६६६.६ लिटर येते आणि मापकाची खरी चूक ०.४५ टक्के जास्त अशी ठरते. अर्ध्या टक्क्याची हमी असलेला हा मापक हवेची दुरुस्ती विसरली असती, तर नापास झाला असता.

सर्वांत लपलेली चूक मात्र डायव्हर्टरची. संवेदक धारेच्या मध्यापासून जरा सरकलेला असला, की दर वेळी टायमर ठरावीक क्षण आधी किंवा उशिरा चालू-बंद होतो. एका फेरीत ही चूक २० मिलिसेकंद असेल, तर ६० सेकंदांत ती ०.०३ टक्के इतकीच भरते आणि आकड्यांत दिसतही नाही. ती उघडी पाडायला तोच प्रवाह ठेवून एकूण तेवढाच वेळ पाणी गोळा करतात, पण २५ छोट्या तुकड्यांत. आता चूक २५ पट होऊन ०.८ टक्क्यांच्या वर जाते. सलग आणि तुटक मोजणीतला फरक पाहून संवेदक सरकवतात किंवा वेळेत तेवढी दुरुस्ती धरतात.

बाकीच्या चुका साध्या, पण चिवट असतात. मापक आणि नोझल यांच्यामधल्या पाइपात हवेचा फुगा अडकला, तर तो दाबला किंवा पसरला जातो आणि मापकातून गेलेले पाणी टाकीत आलेल्या पाण्याशी जुळत नाही. एकाच प्रवाहावरचे आकडे पुन्हा पुन्हा विखुरले, की आधी हवेचा संशय घ्यावा. टाकीच्या निचऱ्याचा व्हॉल्व्ह गळतो का, हे पाणी भरून काटा थोडा वेळ पाहिला की कळते. टाकीला बाहेरचा नळ किंवा शिडी टेकली असेल, तर थोडे वजन तिकडे जाते. म्हणून काटा टाकीसकट, तिच्यावर प्रमाण वजने टांगून तपासतात. दोन टन वजने हाताशी नसतील, तर ५०० किलो ठेवून आकडा नोंदवतात, वजने काढून तोच आकडा येईपर्यंत पाणी भरतात आणि वजने पुन्हा चढवतात.

या पद्धतीला टाकीच्या आकाराची मर्यादा आहे. दीड-दोन मीटर व्यासाच्या जलवाहिनीतून सेकंदाला काही हजार लिटर पाणी वाहते. ते मिनिटभर गोळा करायचे तर शेकडो टनांचा काटा लागेल. अशा वेळी अनेक छोटे मापक एकेक करून तोलून तपासतात, ते समांतर जोडतात आणि मोठा मापक त्यांच्या बेरजेशी ताडून पाहतात. तसेच वजनातून फक्त त्या मिनिटाची सरासरी मिळते. मधल्या काळात प्रवाह वरखाली झाला की नाही, हे काटा सांगत नाही.