सरळ उत्तराला लागलेली ठेच

y′ = −1000(y − cos t) हे समीकरण पाहा. सुरुवात y = 1 पासून. y जरा जरी cos t पासून ढळला, तरी हजाराचा गुणक त्याला क्षणात परत ओढतो. त्यामुळे उत्तर जवळजवळ cos t सारखंच, संथ आणि गुळगुळीत असतं. असा आलेख काढायला 0.003 ची पायरी कुणालाही बारीकच वाटेल.

ऑयलरच्या साध्या पद्धतीत आत्ताचा उतार घ्यायचा, त्याला पायरीच्या लांबीने गुणायचं आणि पुढे सरकायचं. ते इथे करून पाहू. विसाव्या पायरीवर खरं उत्तर 0.998 च्या आसपास असताना आपल्या हाती 0.47 येतं. पुढच्याच पायरीवर 2.05, मग −1.10, आणि तिसाव्या पायरीला थेट −536!

हे कशामुळे होतं? y मध्ये राहिलेली चूक प्रत्येक पायरीवर 1 + hλ ने गुणली जाते. h म्हणजे पायरी, आणि इथे λ = −1000. म्हणजे गुणक 1 − 3 = −2. सुरुवातीला अर्ध्या दशलक्षांशाएवढी असलेली चूक दर पायरीला चिन्ह बदलत दुप्पट होते, आणि वीस दुपटींत दहा लाख पटींवर जाते. चूक विरत जायची तर गुणकाचं मान 1 पेक्षा कमी हवं. hλ च्या संमिश्र प्रतलावर ही अट −1 भोवती 1 त्रिज्येची चकती आखते. ऑयलर पद्धतीचा निरपेक्ष स्थिरतेचा प्रदेश तो हाच. आपलं hλ −3 वर, चकतीच्या बाहेर पडलं. आत राहायचं तर पायरी 0.002 पेक्षा लहान हवी, म्हणजे t = 10 गाठायला पाच हजारांहून जास्त पायऱ्या. त्या आलेखाच्या अचूकतेसाठी लागत नाहीत, केवळ चूक फुगू नये म्हणून लागतात. अशा समीकरणांना स्टिफ म्हणतात. कर्टिस आणि हर्शफेल्डर यांनी 1952 साली रासायनिक अभिक्रियांच्या संदर्भात त्यांच्याकडे लक्ष वेधलं.

मग अधिक चांगली पद्धत घेऊन भागेल का? प्रसिद्ध चौथ्या क्रमाची रुंगे-कुट्टा पद्धतही ऋण अक्षावर जेमतेम −2.79 पर्यंत पोचते, आणि तिथे प्रत्येक पायरीला उतार चारदा काढावा लागतो. खरी अडचण मुळातच आहे. कोणत्याही एक्स्प्लिसिट रुंगे-कुट्टा पद्धतीचा गुणक hλ मधली बहुपदी असतो, आणि बहुपदी दूर गेली की अमर्याद वाढतेच. म्हणून तिचा स्थिरतेचा प्रदेश कितीही ताणला तरी मर्यादितच राहतो.

इम्प्लिसिट ऑयलरमध्ये उतार पायरीच्या शेवटचा घेतात. गुणक 1/(1 − hλ) होतो. पायरी 0.1 घेतली तरी तो 1/101, आणि शंभर पायऱ्यांत t = 10. किंमत अशी की पुढचा y समीकरण सोडवूनच मिळतो. हजारो चलं असली तर दर पायरीला मोठी समीकरणप्रणाली सोडवणं आलं.

पायरी आपोआप ठरवणारा, एक्स्प्लिसिट पद्धतीचा ode45 सारखा सॉल्व्हर गुळगुळीत आलेखावरही मुंगीच्या पावलांनी चालू लागला, तर समीकरण स्टिफ असल्याचा संशय घ्यावा आणि तेच गणित ode15s ला देऊन पाहावं.