सिन्स की फॉर? आधी क्रियापद बघा

नोकरीच्या अर्जात, बायोडेटात, कार्यालयीन ई-मेलमध्ये एक वाक्य हटकून भेटतं: "आय ॲम वर्किंग हिअर सिन्स सिक्स इयर्स." लिहिणाऱ्याला त्यात काही खटकत नाही. मराठीत 'सहा वर्षांपासून' आणि '२०१९पासून' या दोन्हींचं काम एकाच 'पासून'वर भागतं, आणि सोबत 'काम करतो आहे' हा वर्तमानकाळही बिनदिक्कत चालतो. इंग्रजीत मात्र त्या एवढ्याशा वाक्यात दोन चुका आहेत, आणि शाळेत भर दिला जातो तो त्यांतल्या एकीवरच.

ती अशी. सुरुवात कधी झाली ते सांगायचं तर 'सिन्स', मधे किती काळ गेला ते सांगायचं तर 'फॉर'. म्हणून सिन्स मंडे, सिन्स २०१९, सिन्स द वेडिंग. आणि फॉर थ्री डेज, फॉर सिक्स इयर्स, फॉर अ लाँग टाइम. नियम अगदी बरोबर आहे आणि परीक्षेतल्या रिकाम्या जागा भरायला पुरेसाही आहे. पण स्वतःचा मजकूर लिहिताना जागा रिकामी नसते आणि क्रियापदही कुणी आयतं मांडून ठेवलेलं नसतं. खरी अडचण तिथेच येते.

गोव्याचा इतिहास इथे चांगला कामी येतो. १५१० मध्ये पोर्तुगिजांनी गोवा घेतलं आणि डिसेंबर १९६१ मध्ये त्यांची सत्ता संपली. इंग्रजीत हे सांगायचं तर "गोवा वॉज अंडर पोर्तुगीज रूल फॉर अबाउट ४५० इयर्स." इथे 'फॉर' आहे, पण प्रेझेंट परफेक्ट नाही, कारण तो काळ संपला. 'हॅज बीन' लिहिलं तर पोर्तुगीज अजून पणजीतच बसलेत असा अर्थ होईल! त्यापुढचं वाक्य मात्र आजपर्यंत येऊन पोचतं: "गोवा हॅज बीन अ स्टेट सिन्स ३० मे १९८७." राज्य झालं त्या दिवशी, पण ते आजही राज्य आहे. म्हणून 'हॅज बीन'.

म्हणजे 'फॉर' हा शब्द कुठल्याही काळाशी जुळवून घेतो. संपलेल्या काळासोबत चालतो, चालू असलेल्यासोबत चालतो, येणाऱ्यासोबतही चालतो. 'सिन्स' तसा नाही. आरंभाच्या क्षणापासून आत्तापर्यंत रेघ ओढायची असेल तर त्याला मुख्य वाक्यात 'हॅव' किंवा 'हॅज' लागतोच. 'सिन्स' दिसला आणि मागे नुसतं 'ॲम वर्किंग' किंवा 'लिव्ह' असलं की तिथे थांबून बघावं.

'फॉर'च्या या मोकळेपणाचा एक तोटा आहे. चुकीचं क्रियापद लावलं तरी वाक्य व्याकरणाने शुद्ध राहतं आणि अर्थ मात्र गुपचूप बदलतो. लंडनला मुलीकडे गेलेली आई शेजारणीला म्हणते, "आय ॲम हिअर फॉर टू वीक्स." तिला सांगायचं असतं की येऊन दोन आठवडे झाले. शेजारीण समजते की मुक्काम एकूण दोन आठवड्यांचा आहे. येऊन दोन आठवडे झाले हे सांगायला "आय हॅव बीन हिअर फॉर टू वीक्स" म्हणावं लागतं. 'सिन्स टू वीक्स' ही चूक ऐकणारा मनातल्या मनात दुरुस्त करून घेतो. ही दुसरी चूक त्याला चूक वाटतच नाही. म्हणून तीच जास्त घोटाळ्याची.

आता एक परिच्छेद तपासू. नाशिकच्या एका लेखापालाने २०२५च्या जूनमध्ये केलेल्या अर्जातला आहे असं समजा:

"आय ॲम वर्किंग ॲज ॲन अकाउंटंट इन नाशिक सिन्स सिक्स इयर्स. आय हॅव पास्ड बीकॉम इन २०१७. आय हॅव जॉइन्ड धिस फर्म सिन्स जून २०१९. सिन्स लास्ट टू इयर्स आय हँडल जीएसटी रिटर्न्स. बिफोर दॅट आय हॅव वर्क्ड फॉर टू इयर्स इन अ टॅक्स कन्सल्टंट्स ऑफिस."

तपासताना आधी क्रियापदांकडे बघूच नये. फक्त काळ सांगणाऱ्या शब्दांखाली रेघ मारावी. इथे पाच रेघा पडतात. मग प्रत्येकीला एकच विचारावं: हा काळ आजपर्यंत पोचतो का?

'सिक्स इयर्स' पोचतो. तो कालावधी आहे, म्हणून 'फॉर', आणि क्रियापद 'हॅव बीन वर्किंग'. 'इन २०१७' पोचत नाही. वर्ष नेमकं सांगितलं की इंग्रजीत दार बंद होतं. तिथे साधा भूतकाळ, 'पास्ड'. 'सिन्स जून २०१९' दिसायला निर्दोष आहे, कारण 'सिन्स' आहे, तारीख आहे आणि 'हॅव'ही आहे. तरी वाक्य चुकलंय. रुजू होणं ही एका दिवसात संपणारी गोष्ट. ती सहा वर्षं चालू राहत नाही. एकतर "आय जॉइन्ड इन जून २०१९" किंवा "आय हॅव बीन विथ धिस फर्म सिन्स जून २०१९." लग्न होणं, गाडी घेणं, निवृत्त होणं या सगळ्यांना हेच लागू.

'सिन्स लास्ट टू इयर्स' ही आपल्याकडची खास जोडी. 'सिन्स लास्ट इयर' चालतं, कारण गेलं वर्ष हा आरंभ मानता येतो. पण मधे 'टू' आला की तो कालावधी झाला: "फॉर द लास्ट टू इयर्स." तो 'द' विसरू नये.

शेवटच्या वाक्यात क्रियापद 'वर्क्ड' हवं, कारण ती नोकरी संपली. पण इथे आणखी एक गोम आहे. 'बिफोर दॅट' म्हणजे कशाच्या आधी? आधीचं वाक्य जीएसटीचं, म्हणजे २०२३च्या सुमाराचं. त्यामुळे २०२१ ते २०२३ ही दोन वर्षं हा गृहस्थ दुसरीकडे होता असं वाचणाऱ्याला वाटेल, आणि वर तर तो २०१९पासून या फर्ममध्ये असल्याचं लिहिलंय. शेवटी आकड्यांची बेरीज करून बघायची ती यासाठी. २०१७मध्ये बीकॉम, अधिक दोन वर्षं, म्हणजे २०१९. हिशेब जुळतो, फक्त वाक्यांची जागा चुकली आहे.

दुरुस्त परिच्छेद असा होईल: "आय पास्ड बीकॉम इन २०१७ अँड वर्क्ड फॉर टू इयर्स इन अ टॅक्स कन्सल्टंट्स ऑफिस. आय हॅव बीन वर्किंग ॲज ॲन अकाउंटंट विथ अ फर्म इन नाशिक सिन्स जून २०१९. फॉर द लास्ट टू इयर्स आय हॅव हँडल्ड इट्स जीएसटी रिटर्न्स." 'फॉर सिक्स इयर्स' गळालं, कारण 'सिन्स जून २०१९'मध्ये ते आलंच.

या दोघांतून कुठलं ठेवायचं, हा प्रश्न कागद किती दिवस वापरायचा त्यावर सोडवावा. '२०१९पासून' हे विधान नोकरी टिकेपर्यंत खरं राहतं. 'सहा वर्षं' पुढच्या जूनमध्ये खोटं ठरतं. जुना बायोडेटा पुन्हा पाठवण्याआधी त्यातला प्रत्येक 'फॉर' शोधा आणि पुढचा आकडा आजच्या तारखेशी ताडून बघा.