ब्रॅकेटसाठी पत्रा किती कापायचा?

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात 2 मिमी पत्र्याचा काटकोनी ब्रॅकेट करायचा आहे, असे धरू. बाहेरून बाजू 50 आणि 30 मिमी, आतली त्रिज्या 3 मिमी. बेरीज करून 80 मिमी पत्रा कापला, तर सुमारे 4 मिमी जास्तच होतो.

वाकताना पत्रा आतून दबतो, बाहेरून ताणला जातो. मधल्या एका थराची लांबी मात्र तीच राहते. हा थर आतल्या बाजूपासून जाडीच्या 0.4 पट अंतरावर धरला, तर त्याची त्रिज्या 3.8 मिमी. 90 अंशांसाठी कंस 3.8 × 1.571, म्हणजे 5.97 मिमी. प्रत्येक बाजूतून त्रिज्या अधिक जाडी, म्हणजे 5 मिमी वजा केल्यावर सरळ भाग 45 आणि 25 उरतात. एकूण 75.97 मिमी.

0.4 हा आकडा धातू आणि डायनुसार बदलतो. म्हणून आधी मोजलेली पट्टी वाकवून पाहावी.