सव्वाशे वॅटची झडती

गावाबाहेरच्या डीपीवर लावलेल्या ट्रान्सफॉर्मरची पाटी कुंपणाबाहेरून वाचली, तर दाबाच्या रकान्यात बहुधा ११,००० आणि ४३३ हे दोन आकडे दिसतात. ४३३ व्होल्ट हा दोन फेजमधला दाब. एका फेजचा हिशेब केला की तो २५० व्होल्ट येतो. घरातली उपकरणं मात्र २३० व्होल्टची असतात. मग पाटीवर वीस व्होल्ट जास्त का?

पाटीवरचा आकडा ट्रान्सफॉर्मर रिकामा असतानाचा असतो. पिठाची गिरणी, मोटारी, घरचे पंखे-फ्रीज चालू झाले, की ट्रान्सफॉर्मरच्या आतच थोडा दाब खर्च होतो आणि पुढे तारांमध्ये आणखी थोडा. ट्रान्सफॉर्मर रिकामा असताना मिळणारा दाब आणि पूर्ण भारावर मिळणारा दाब यांतला फरक रिकाम्या दाबाच्या टक्क्यांत मांडला, की त्याला व्होल्टेज रेग्युलेशन म्हणतात. हा आकडा जितका लहान, तितका भार बदलला तरी दाब स्थिर.

तो मोजायचा कसा? सरळ मार्ग म्हणजे पूर्ण भार टाकायचा आणि दोन्ही बाजूंना मीटर लावायचे. नमुन्यादाखल कॉलेजच्या प्रयोगशाळेत असतो तसा सिंगल फेज ट्रान्सफॉर्मर घेऊ: ३ केव्हीए, २३०/११५ व्होल्ट. त्याच्यावर ०.८ पॉवर फॅक्टरचा पूर्ण भार टाकला की २४०० वॅट बाहेर पडतात आणि साधारण २५२५ वॅट आत जातात. मधले १२५ वॅट आतच उष्णता होऊन जातात. मीटर एक टक्का चुकणारे असतील, तर आतले २५२५ पंचवीस वॅटनी चुकू शकतात आणि बाहेरचे २४०० चोवीस वॅटनी. दोन्ही चुका उलट दिशांना पडल्या, तर वजाबाकीत सव्वाशेच्या जागी ७६ किंवा १७४ वॅट येतील. दोन मोठ्या आकड्यांच्या वजाबाकीतून लहान आकडा शोधण्यातली ही जुनी अडचण आहे. शिवाय या ट्रान्सफॉर्मरला तीन केव्हीएचा भार कसाबसा जमवता येईल, पण सबस्टेशनमधल्या कित्येक मेगाव्होल्ट-अँपिअरच्या ट्रान्सफॉर्मरसाठी तेवढा भार आणणार कुठून?

म्हणून ट्रान्सफॉर्मरवर भार न टाकताच त्याची झडती घेतात. त्यासाठी दोन चाचण्या करतात. एकीत पूर्ण दाब देतात, पण करंट जवळजवळ नसतो. दुसरीत पूर्ण करंट असतो, पण दाब जवळजवळ नसतो.

यामागचा विचार असा. ट्रान्सफॉर्मरमध्ये घडणाऱ्या सगळ्या गोष्टी एका छोट्या सर्किटच्या रूपात कागदावर मांडता येतात. त्याला इक्विव्हॅलंट सर्किट म्हणतात आणि त्यात चार घटक पुरतात. दोन घटक सप्लायला समांतर जोडलेले असतात: लोखंडी गाभ्यात जळणारी शक्ती दाखवणारा रेझिस्टन्स आणि गाभ्यात चुंबकत्व उभं करायला लागणारा करंट दाखवणारा रिअ‍ॅक्टन्स. उरलेले दोन करंटच्या वाटेत येतात: तांब्याच्या वाइंडिंगचा रेझिस्टन्स आणि एका वाइंडिंगमधून निसटून दुसऱ्यापर्यंत न पोचणाऱ्या चुंबकीय प्रवाहाचा, म्हणजे लीकेजचा, रिअ‍ॅक्टन्स. पहिली जोडी दाबावर अवलंबून असते, दुसरी करंटवर. त्यामुळे त्यांना वेगळं पकडता येतं.

पहिली ओपन सर्किट टेस्ट. २३० व्होल्टची बाजू मोकळी सोडतात आणि ११५ व्होल्टच्या बाजूला डिमरस्टॅटमधून दाब हळूहळू वाढवत बरोबर ११५ वर आणतात. कमी दाबाची बाजू निवडतात कारण तिथे हाताशी असलेले मीटर आणि सप्लाय चालतात. या वेळी मोकळ्या टोकांवर २३० व्होल्ट जिवंत असतात, हे काम करणाऱ्याने विसरायचं नाही. ३३ किलोव्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरवर हीच चाचणी करताना मोकळ्या टोकांवर ३३,००० व्होल्ट येतात.

समजा, मीटर दाखवतात: ११५ व्होल्ट, १.२ अँपिअर, ४० वॅट. दाब आणि करंट यांचा गुणाकार १३८, प्रत्यक्ष शक्ती मात्र ४०, म्हणजे पॉवर फॅक्टर जेमतेम ०.२९. करंटचा बहुतेक भाग गाभ्यात चुंबकत्व उभं करण्यातच जातो. म्हणूनच इथे साधा वॅटमीटर कामाचा नाही. १५० व्होल्ट, २.५ अँपिअरच्या साध्या वॅटमीटरचा काटा ३७५ वॅटला टोक गाठतो, त्यावर ४० वॅट म्हणजे काटा कोपऱ्यातून जेमतेम उठलेला. त्याच रेंजचा ०.२ पॉवर फॅक्टरचा, म्हणजे एलपीएफ वॅटमीटर ७५ वॅटलाच पूर्ण वळतो. त्यावर काटा निम्म्याच्या पुढे जातो आणि वाचन भरवशाचं मिळतं.

आता हिशेब. ४० वॅटला ११५ ने भागलं की ०.३५ अँपिअर हा जळणाऱ्या शक्तीचा करंट मिळतो. तो १.२ मधून वर्ग-वर्गमुळाच्या रीतीने वजा केला की उरलेला १.१५ अँपिअर चुंबकत्वाचा. ११५ ला या दोघांनी भागलं की गाभ्याचा रेझिस्टन्स सुमारे ३३० ओहम आणि रिअ‍ॅक्टन्स १०० ओहम येतो.

इथे चौकस वाचक विचारेल, की १.२ अँपिअर वाइंडिंगमधूनच जातात, मग या ४० वॅटमध्ये तांब्याचा वाटा नाही का? आहे, पण दुसरी चाचणी झाल्यावर मोजून पाहिला तर तो एका वॅटच्या दहाव्या भागाएवढा निघतो. म्हणून सगळे ४० वॅट बिनधास्त गाभ्याच्या नावावर टाकता येतात. मात्र दाब बरोबर ११५ च हवा. तो थोडा वर गेला तरी गाभा चुंबकत्वाने भरत जातो आणि करंट दाबाच्या प्रमाणाबाहेर उसळतो.

दुसरी शॉर्ट सर्किट टेस्ट. नावाने धडकी भरते, पण डिमरस्टॅट शून्यावर ठेवून सुरुवात केली तर ती सुरक्षित आहे. ११५ व्होल्टची बाजू जाड तारेने शॉर्ट करतात आणि २३० च्या बाजूला दाब अगदी सावकाश वाढवतात. अँमीटर १३ अँपिअर, म्हणजे पूर्ण भाराचा करंट, दाखवेपर्यंत. समजा, तेव्हा व्होल्टमीटर फक्त १० व्होल्ट दाखवतो आणि वॅटमीटर ८५ वॅट. डिमरस्टॅट चुकून वरच राहिला आणि २३० व्होल्ट थेट बसले, तर करंट त्याच्या तेवीसपट होईल, जवळजवळ ३०० अँपिअर. म्हणून सप्लाय चालू करण्याआधी डिमरस्टॅटची मूठ शून्यावर आहे की नाही, हे हात लावून बघायचं.

८५ वॅटला १३ च्या वर्गाने, म्हणजे १६९ ने, भागलं की रेझिस्टन्स ०.५०३ ओहम. १० व्होल्टला १३ ने भागलं की एकूण इम्पिडन्स ०.७६९ ओहम. वर्गांची वजाबाकी करून वर्गमूळ काढलं की रिअ‍ॅक्टन्स ०.५८२ ओहम. दाब केवळ १० व्होल्ट असल्याने गाभ्यात जळणारी शक्ती इथे नगण्य आहे, तीही एका वॅटच्या दहाव्या भागाहून कमी. म्हणजे दोन्ही चाचण्यांत जे सोडून दिलं, ते खरोखर सोडून देण्याजोगंच होतं.

या चाचणीत सर्वांत जास्त फसवते ती शॉर्ट करणारी तार. तार आणि जोड मिळून फक्त ०.०२ ओहम झाले, तरी ते कमी दाबाच्या बाजूला असल्याने २३० च्या बाजूवरून चौपट दिसतात, म्हणजे ०.०८ ओहम. अर्धा ओहम शोधताना ही चूक सोळा टक्क्यांची आणि वॅटमीटरवर तेरा-चौदा वॅट वाढवणारी. सप्लाय बंद करून जोडाला हात लावला आणि तो गरम लागला, तर लग ढिला आहे असं समजावं. तो घासून, आवळून पुन्हा वाचन घ्यावं.

आणखी एक नेहमीची चूक कागदावर होते. ३३० आणि १०० ओहम हे ११५ च्या बाजूने मोजलेले आहेत, तर ०.५०३ आणि ०.५८२ हे २३० च्या बाजूने. सगळे एकाच सर्किटमध्ये मांडण्याआधी पहिल्या दोघांना चारने गुणून २३० च्या बाजूला आणावं लागतं. ट्रान्सफॉर्मेशन रेशो दोन आहे आणि ओहम त्याच्या वर्गाने बदलतात.

आता रेग्युलेशन काढायला भार नको, सूत्र पुरतं:

रेग्युलेशन (%) = I(R cos φ ± X sin φ) / V × 100

लॅगिंग भाराला अधिक, लीडिंग भाराला वजा. मोटारींसारख्या ०.८ लॅगिंग भारावर १३ × (०.५०३ × ०.८ + ०.५८२ × ०.६) म्हणजे ९.८ व्होल्ट. २३० च्या मानाने हे ४.२५ टक्के होतात. म्हणजे ११५ व्होल्टच्या बाजूला पूर्ण भारावर ११० व्होल्ट मिळतील. तेवढाच करंट हीटरसारख्या निव्वळ रेझिस्टन्सच्या भाराला गेला, तर घट २.८ टक्केच. ०.८ लीडिंगला ती जवळजवळ शून्यावर येते आणि ०.६ लीडिंगला तर उणे होते, म्हणजे भार टाकल्यावर दाब वाढतो. भार कमी असताना कपॅसिटर चालू राहिले तर दाब चढलेला दिसतो, त्यामागे हाही एक हिशेब असतो.

पण ४.२५ हा आकडा थंड ट्रान्सफॉर्मरचा आहे. चाचणी काही मिनिटांत उरकते, तेव्हा तांबं ३० अंशांवर असतं. दिवसभर भार ओढल्यावर ते बरंच तापतं आणि त्याचा रेझिस्टन्स वाढतो. म्हणून भारतीय मानकांत वाचन ७५ अंशांवर नेऊन मांडतात. तांब्यासाठी गुणक (२३४.५ + ७५) भागिले (२३४.५ + ३०), म्हणजे १.१७. रेझिस्टन्स ०.५०३ वरून ०.५८९ होतो, रिअ‍ॅक्टन्स आहे तिथेच राहतो आणि ०.८ लॅगिंगवरचं रेग्युलेशन ४.६ टक्क्यांवर जातं. तापमान न लिहिलेला चाचणी-अहवाल म्हणूनच अर्धवट समजावा.

या चाचण्यांना मर्यादाही आहेत. शॉर्ट सर्किट टेस्ट दोन्ही वाइंडिंगचा मिळून एकच रेझिस्टन्स आणि एकच रिअ‍ॅक्टन्स देते. त्यातला प्रायमरीचा किती आणि सेकंडरीचा किती, हे ती सांगत नाही. निम्मा-निम्मा ही केवळ सोय आहे. ट्रान्सफॉर्मर चालू करताना क्षणभर उसळणारा करंटही या सर्किटमधून निघत नाही.

मात्र दुरुस्तीच्या कामात ही दोन वाचनं फार बोलकी ठरतात. रिवाइंड करून आलेल्या ट्रान्सफॉर्मरचे ओपन सर्किटचे वॅट आणि करंट एकदम वाढले असतील, तर वाइंडिंगमधले दोन वेढे आपसात शॉर्ट झाले आहेत किंवा गाभ्याच्या पत्र्यांमधलं इन्सुलेशन गेलं आहे. शॉर्ट सर्किटचे वॅट वाढले पण रिअ‍ॅक्टन्स तोच राहिला, तर तार बारीक वापरली आहे किंवा जोड कच्चा आहे. रिअ‍ॅक्टन्सच बदलला, तर वेढ्यांची संख्या चुकली आहे किंवा वाइंडिंगची मांडणी हलली आहे. कारखान्याचा, वेल्डिंगचा किंवा स्टॅबिलायझरचा ट्रान्सफॉर्मर रिवाइंडिंगला देणाऱ्यांनी देण्याआधी आणि घेताना ही दोन्ही वाचनं, तापमानासकट, कागदावर लिहून मागावीत.