‘दाट शक्यता’ म्हणजे नेमकी किती?

मार्च १९५१. टिटोंच्या युगोस्लाव्हियाने स्टालिनशी फारकत घेऊन तीन वर्षे होत आली होती आणि सोव्हिएत गटातल्या शेजारी देशांची लष्करी तयारी वाढत चालली होती. हल्ला होणार का, याचा अंदाज बांधणारा एक अहवाल अमेरिकेच्या सीआयएने तयार केला. १९५१ मध्ये हल्ला होण्याची शक्यता गंभीरपणे विचारात घ्यावी, असा त्याचा निष्कर्ष होता. वाक्य भारदस्त होते, वाचणाऱ्यांनी माना डोलावल्या.

काही दिवसांनी परराष्ट्र खात्यातल्या एका बड्या अधिकाऱ्याने सहज विचारले, की ही ‘गंभीर शक्यता’ म्हणजे नेमकी किती? अहवालाच्या कामात असलेले शर्मन केंट म्हणाले, पासष्ट विरुद्ध पस्तीस, हल्ला होण्याच्या बाजूने. अधिकारी दचकला. त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी धोका याहून बराच कमी धरला होता. केंट मूळचे येल विद्यापीठातले इतिहासाचे प्राध्यापक. शब्दांचा असा घोटाळा त्यांना स्वस्थ बसू देईना. ज्या मंडळाने हे वाक्य एकमताने मंजूर केले होते, त्यातल्या एकेकाला त्यांनी तोच प्रश्न विचारला. कोणाच्या मनात वीस टक्के होते, तर कोणाच्या मनात ऐंशी. एकमत झाले होते ते फक्त शब्दावर.

पुढे १९६४ मध्ये केंट यांनी या अनुभवावर एक लेख लिहिला आणि त्यात एक तक्ता दिला. ‘जवळजवळ निश्चित’ म्हणजे सुमारे ९३ टक्के, ‘संभाव्य’ म्हणजे सुमारे ७५, ‘बहुधा नाही’ म्हणजे सुमारे ३०, आणि प्रत्येकाला थोडी मागेपुढे सूट. संस्थेतल्या सहकाऱ्यांचे त्यांनी दोन तट पाडले होते: गणिती आणि कवी. शब्दाला आकडा बांधणे म्हणजे नसलेल्या अचूकतेचा आव आणणे, असे कवींचे म्हणणे. त्यात तथ्य नव्हते असे नाही. पण आकडा न दिल्याने संदिग्धता जात नाही, ती फक्त दिसेनाशी होते, हे केंट यांना त्या एका वाक्याने शिकवले होते.

मराठी वाचकाला हा घोटाळा अनोळखी नाही. ‘घातपाताची शक्यता नाकारता येत नाही’ हे वाक्य वर्तमानपत्रांत सर्रास येते. तर्काने पाहिले तर ते जवळपास काहीच सांगत नाही, कारण नाकारता न येणाऱ्या शक्यता अगणित असतात. तरी वाचणाऱ्याच्या मनात घातपात पक्का होतो. वास्तविक खात्रीच्या पायऱ्या दाखवायला मराठीत क्रियापदाचे शेपूटही पुरते. ‘तो आला असणार’ म्हणणारा पैज लावायला तयार असतो. ‘आला असावा’ म्हणणाऱ्याने दारातल्या चपला पाहिलेल्या असतात. ‘आला असेल’मध्ये नुसता अंदाज आहे, आणि ‘आला म्हणे’ म्हणणारा तर सगळी जबाबदारी सांगणाऱ्यावर टाकून मोकळा होतो. इतिहास संशोधकांच्या लेखनात ‘असावा’ पावलोपावली भेटतो. चांगल्या संशोधकाच्या हातात त्याच्यामागे कुठली तरी चप्पल असते.

संशोधनपर लेखनातल्या या हात राखून लिहिण्याचा भाषाशास्त्रज्ञांनी बारकाईने अभ्यास केला आहे. केन हायलंड यांनी वेगवेगळ्या विषयांतले शोधनिबंध तपासले. त्यांना तत्त्वज्ञान, समाजशास्त्र अशा विषयांत ‘कदाचित’, ‘असे दिसते’, ‘असे सुचवावेसे वाटते’ यांचे प्रमाण अभियांत्रिकी किंवा भौतिकशास्त्रापेक्षा बरेच जास्त आढळले. याचे कारण भित्रेपणा नव्हे. प्रयोगशाळेत मोजमापच बरेचसे बोलते. समाजशास्त्रात मात्र वाचकाला सोबत घेत, त्याच्या आक्षेपाला जागा ठेवत पुढे जावे लागते. आणि भौतिक-जीवशास्त्रातले लोकही वेळ आली की हात राखतात. वॉटसन आणि क्रिक यांनी १९५३ मध्ये डीएनएची रचना मांडली, तेव्हा या रचनेतून आनुवंशिक द्रव्याची नक्कल कशी होत असेल याचा ‘संभाव्य’ मार्ग सुचतो आणि ते आपल्या नजरेतून निसटलेले नाही, एवढेच म्हणून ते थांबले. रचनेला पुरावा होता, नकलेला अजून नव्हता. सावधपणा नेमका तेवढ्याच जागी आहे.

केंट यांची कल्पना हेरखात्याबाहेर सर्वांत नेटाने राबवली ती हवामानबदलावरच्या आंतरसरकारी मंडळाने, म्हणजे आयपीसीसीने. तिच्या श्रेणीत ‘शक्य’ म्हणजे ६६ टक्क्यांहून अधिक, ‘खूपच शक्य’ म्हणजे ९० हून अधिक आणि ‘अत्यंत शक्य’ म्हणजे ९५ हून अधिक. पृथ्वीच्या तापण्यात माणसाचा वाटा किती, यावरची त्यांची वाक्ये क्रमाने वाचली तर पुरावा साचत जाताना दिसतो. १९९५ मध्ये माणसाचा प्रभाव ‘जाणवण्याजोगा’ आहे एवढेच म्हटले होते, आणि त्या एका विशेषणावर माद्रिदच्या बैठकीत बराच काथ्याकूट झाला होता. २००१ मध्ये ‘शक्य’, २००७ मध्ये ‘खूपच शक्य’, २०१३ मध्ये ‘अत्यंत शक्य’ आणि २०२१ मध्ये ‘निःसंदिग्ध’.

याच मंडळाच्या २००७ च्या अहवालात हिमालयाबद्दल एक वाक्य होते. तापमान आहे त्याच वेगाने वाढत राहिले, तर हिमालयातल्या हिमनद्या २०३५ पर्यंत, कदाचित त्याआधीही, नाहीशा होण्याची शक्यता ‘फार मोठी’ आहे. ज्याच्या घरात गंगेचे पाणी येते, त्याला हे वाचून घाम फुटावा. एवढ्या जाड बर्फाला अठ्ठावीस वर्षांत वितळवायचे तर वितळण्याचा वेग कितीतरी पटींनी वाढायला हवा होता.

वाक्य आले कुठून? आयपीसीसीने संदर्भ दिला होता तो डब्ल्यूडब्ल्यूएफ या पर्यावरण संस्थेच्या २००५ च्या अहवालाचा. त्या अहवालाचा धागा मागे १९९९ मधल्या नियतकालिकांतल्या बातम्यांपर्यंत जातो. त्यांपैकी एक होती ‘न्यू सायंटिस्ट’मधली, एका भारतीय हिमनदीतज्ज्ञाशी झालेल्या बोलण्यावर आधारलेली. २०३५ हे साल कुठल्याही तपासून छापलेल्या शोधनिबंधात नव्हते. ती अटकळ होती, असे पुढे त्या तज्ज्ञानेच सांगितले. बोलण्यातली अटकळ बातमीत आली, बातमी अहवालात गेली, आणि अहवालाच्या जोरावर ती ‘फार मोठी शक्यता’ होऊन बसली. प्रत्येक टप्प्यावर कोणीतरी एक ‘कदाचित’ गाळला. नवा पुरावा मात्र कुठेच भरला गेला नाही.

त्याच परिच्छेदात आणखी एक वाक्य होते: २०३५ पर्यंत हिमनद्यांचे क्षेत्र पाच लाख चौरस किलोमीटरवरून एक लाखावर येईल. हिमालयात मुळात एवढा बर्फच नाही. रशियन हिमनदीतज्ज्ञ कोतल्याकोव्ह यांच्या १९९६ च्या एका अहवालात हे आकडे सापडतात, पण तिथे ते ध्रुवप्रदेश सोडून साऱ्या जगातल्या हिमनद्यांचे आहेत आणि साल आहे २३५०. शिवाय दोन्ही वाक्ये शेजारी ठेवली तर ती एकमेकांनाच खोडतात. हिमनद्या नाहीशा होणार असतील, तर एक लाख चौरस किलोमीटर उरणार कशा? मसुदा तपासताना एका परीक्षकाने नेमके हेच विचारले होते. स्पष्टीकरण द्यायचे राहून गेले, असे लेखकांचे उत्तर नोंदले आहे.

जपान सरकारचा शेरा आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक मोलाचा. शक्यता ‘फार मोठी’ म्हणता, तर ती तुमच्याच श्रेणीतली कितवी पायरी, असे त्यांनी विचारले होते. प्रश्न बिनतोड होता. त्याचे उत्तर शोधायला कोणी बसले असते तर पायरीखाली जमीनच नाही हे कळले असते. लेखकांनी योग्य ते बदल केल्याचे कळवले आणि वाक्य जवळपास जसेच्या तसे छापले गेले.

नोव्हेंबर २००९ मध्ये भारताच्या पर्यावरण मंत्रालयाने हिमनदीतज्ज्ञ व्ही. के. रैना यांचा निबंध प्रसिद्ध केला. हिमालयातल्या हिमनद्या असामान्य वेगाने मागे हटत असल्याचे त्यांना दिसत नव्हते. त्या वेळचे आयपीसीसीचे अध्यक्ष राजेंद्र पचौरी यांनी त्याची जादूटोण्याचे विज्ञान म्हणून संभावना केली. दोनच महिन्यांनी, २० जानेवारी २०१० रोजी, आयपीसीसीने २०३५ च्या विधानाबद्दल खेद व्यक्त केला. गंमत अशी की या साऱ्या प्रकरणात सगळ्यात ठाम बोलणाऱ्या वाक्याखालीच सगळ्यात कमी पुरावा होता. हिमनद्यांची काळजी मात्र खोटी नव्हती. काठमांडूच्या ‘इसिमोड’ या संस्थेच्या २०१९ च्या अहवालानुसार, तापमानवाढ दीड अंशावर रोखली तरी हिंदुकुश-हिमालयातल्या हिमनद्यांपैकी सुमारे एक तृतीयांश बर्फ हे शतक संपेपर्यंत जाईल.

हातोहात जाताना सावध शब्द गळतात, हे एकट्या हिमालयाचे दुखणे नाही. कार्डिफ विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये ब्रिटनमधल्या वीस आघाडीच्या विद्यापीठांची आरोग्यविषयक ४६२ प्रसिद्धिपत्रके मूळ शोधनिबंधांशी ताडून पाहिली. सुमारे एक तृतीयांश पत्रकांत ‘संबंध दिसतो’ याचे ‘यामुळे होते’ अशा धर्तीवर बळकटीकरण झाले होते. आणि पत्रकाने अतिशयोक्ती केली असेल, तर बातमीतही ती असण्याचे प्रमाण कितीतरी जास्त होते. ‘अमुक खाल्ल्याने तमुक रोग टळतो’ या मथळ्याचे खापर वार्ताहरावर फोडले जाते. ‘आढळतो’चा ‘टळतो’ पुष्कळदा विद्यापीठाच्या प्रसिद्धी कक्षातच झालेला असतो.

उलट्या दिशेचा दोषही कमी नाही. ‘असे कदाचित म्हणता येण्याची शक्यता असू शकते’ अशी वाक्ये प्रबंधांत सापडतात. तीन पदरी सावधपणा असूनही शंका कशाबद्दल आहे ते त्यात कळत नाही: नमुना लहान होता, की कागदपत्र एकाच बाजूचे होते, की दुसरे कारणही संभवते? मार्गदर्शकाने लाल पेनाने ‘का?’ एवढेच विचारले, तर यातली निम्मी वाक्ये गळून पडतील. उरलेल्या निम्म्यांना मात्र स्वतःचे कारण सांगावे लागेल, आणि ‘फक्त एकाच तालुक्यातल्या नोंदी पाहिल्या असल्याने’ असे एक अर्धे वाक्य त्या तीन पदरांची जागा सहज घेईल.

राहिला वाचक. मानसशास्त्रज्ञ डेव्हिड बुडेस्कू आणि सहकाऱ्यांनी आयपीसीसीची वाक्ये सामान्य माणसांपुढे ठेवली आणि ‘खूपच शक्य’ म्हणजे किती टक्के, असे विचारले. श्रेणीचा तक्ता समोर असूनही लोकांची उत्तरे मधल्या पन्नासाकडे सरकत होती. नव्वदच्या वरचा शब्द नव्वदच्या बराच खाली वाचला जाई, आणि ‘फारसे शक्य नाही’ हे प्रत्यक्षापेक्षा जास्त शक्य वाटे. हाच प्रयोग पुढे २४ देशांत, १७ भाषांत केला, तरी कल तोच. फरक पडला तो एका साध्या बदलाने: वाक्यातच शब्दाशेजारी टक्के छापले की वाचकाचा अर्थ लेखकाच्या अर्थाजवळ येत होता. ते निष्कर्ष २००९ आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. आयपीसीसीच्या २०२१ च्या अहवालातही शक्यतेचे शब्द तिरप्या टाइपात आहेत आणि त्यांचे टक्के तळटीपेत.