एकशे सोळाचा चकवा

आमच्या पॅरामेडिकच्या अभ्यासगटात आम्ही सहाजण आहोत. परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात रोज रात्री एकजण एक प्रश्न टाकतो आणि बाकीचे उत्तर देतात. त्या रात्रीचा प्रश्न असा होता:

छब्बीस वर्षांचा तरुण, वजन साधारण ६० किलो. दुचाकी घसरली आणि हँडल डाव्या बरगड्यांच्या खाली लागलं. बाहेर जखम नाही, रक्त नाही. तो शुद्धीवर आहे, पण अस्वस्थ आहे, सारखा उठून बसायला बघतो. डावा खांदा दुखतोय म्हणतो, मात्र खांद्याला मार लागलेला नाही. त्वचा फिकट, गार आणि घामेजलेली. नाडी मिनिटाला ११८, श्वास २६, ब्लड प्रेशर ११६/९२. नख दाबून सोडल्यावर रंग परत यायला ४ सेकंद लागतात. याला काय झालं असावं?

पर्याय अ: प्रेशर नॉर्मल असल्याने शॉक नाही; भीती आणि वेदनेमुळे नाडी वाढली आहे. पर्याय ब: पोटात रक्तस्राव होऊन शॉकची सुरुवात झाली आहे. पर्याय क: मणक्याला इजा होऊन आलेला शॉक. पर्याय ड: हृदयाच्या बिघाडातून आलेला शॉक.

सहांपैकी चौघांनी अ लिहिलं. मीही आधी अ वरच बोट ठेवलं होतं, कारण ११६ हा आकडा पाहिला की मन निर्धास्त होतं. मग खालचा आकडा पाहिला आणि उत्तर बदललं. का बदललं, ते मी गटाला एका लांबलचक मेसेजमध्ये लिहिलं. तोच मजकूर इथे, वैद्यकाशी संबंध नसलेल्या वाचकांसाठी, जरा सविस्तर मांडते आहे.

सुरुवात शब्दापासूनच करायला हवी. आपल्या बोलण्यात शॉक म्हणजे विजेचा धक्का, नाहीतर मनाला बसलेला धक्का. अपघातानंतर थरथरणाऱ्या माणसाकडे बघून लोक म्हणतात, ‘शॉक बसलाय त्याला, पाणी द्या.’ वैद्यकात या शब्दाचा अर्थ वेगळा आहे. शरीरातल्या पेशींना पुरेसं रक्त आणि त्यातून पुरेसा प्राणवायू मिळेनासा होणं, याला शॉक म्हणतात. या व्याख्येत ब्लड प्रेशरचा आकडा कुठेही नाही. पर्याय अ नेमका इथे चुकतो. ‘प्रेशर नॉर्मल, म्हणून शॉक नाही’ असं म्हणताना तो शॉक प्रेशरवरून ठरवतो आणि प्रेशर तर सर्वांत उशिरा पडतं.

ते उशिरा का पडतं, हे आपल्याकडच्या नळपाणी योजनेवरून चांगलं समजतं. उन्हाळ्यात टाकीतलं पाणी कमी झालं की वॉल्व्हमन काही वस्त्यांचे वॉल्व्ह बंद करतो. त्यामुळे मुख्य लाइनीतला दाब टिकतो आणि दवाखान्याच्या नळाला पाणी येत राहतं. लाइनीवरच्या मीटरकडे पाहणाऱ्याला सगळं ठीक वाटतं, पण बंद केलेल्या वस्तीत हंडे रिकामेच असतात.

शरीरही हेच करतं. मानेतल्या मोठ्या धमन्यांच्या आणि हृदयातून निघणाऱ्या महाधमनीच्या भिंतींत दाब ओळखणारी मज्जातंतूंची टोकं असतात. रक्त कमी होऊ लागलं की ती मेंदूला कळवतात. अ‍ॅड्रेनालीन सुटतं, हृदय जोरात आणि भरभर धावू लागतं आणि त्वचेच्या व आतड्यांच्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात. उरलेलं रक्त मेंदू आणि हृदयाकडे वळवलं जातं. आपल्या तरुणाची त्वचा गार, फिकट आणि घामेजलेली होती ती यामुळेच. त्याच्या त्वचेचा वॉल्व्ह बंद झाला होता. नखाचा रंग परत यायला ४ सेकंद लागले, हीसुद्धा त्याच रिकाम्या वस्तीची खूण. निरोगी तरुणात तो साधारण दोन सेकंदांत परततो.

आता ११६/९२ पुन्हा पाहा. वरचा आकडा हृदय आकुंचन पावतानाचा दाब, खालचा दोन ठोक्यांमधला. १२०/८० असेल तर दोहोंत ४० चं अंतर असतं. इथे ते फक्त २४ आहे. रक्तवाहिन्या आवळल्यामुळे खालचा आकडा वर चढला आणि हृदयाकडे परतणारं रक्त कमी झाल्याने प्रत्येक ठोक्याबरोबर बाहेर पडणारं रक्तही घटलं. वरचा आकडा अजून पडलेला नाही, पण दोन्ही आकडे जवळ येत चालले आहेत. हे अंतर वरच्या आकड्याच्या पाव हिश्शाहून कमी झालं की सावध व्हायचं, असं आम्हाला शिकवतात. ११६ चा पाव हिस्सा २९ आणि आपल्या हातात २४.

दुसरा हिशोब त्याहून सोपा आहे. नाडीला वरच्या आकड्याने भागायचं. निरोगी माणसात उत्तर साधारण ०.५ ते ०.७ च्या दरम्यान येतं. इथे ११८ भागिले ११६ म्हणजे एकाच्या थोडं वर. नाडीचा आकडा प्रेशरच्या वरच्या आकड्याला ओलांडून गेला, तर प्रेशर कितीही ‘नॉर्मल’ दिसलं तरी निर्धास्त राहायचं नाही.

मग रक्त गेलं किती? मोठ्या माणसाच्या शरीरात किलोमागे सुमारे ७० मिलिलिटर रक्त असतं. ६० किलोला ते ४,२०० मिलिलिटर होतं. पाठ्यपुस्तकातल्या ढोबळ वर्गवारीनुसार १५ ते ३० टक्के रक्त जाईपर्यंत नाडी वाढते, दोन आकड्यांतलं अंतर घटतं, पण वरचा आकडा बहुधा टिकून राहतो. म्हणजे या तरुणाच्या शरीरातून सव्वा लिटरच्या आसपास रक्त गेलं, तरी प्रेशर ‘नॉर्मल’ दिसू शकतं. आणि पोटात एवढं रक्त बाहेर एक थेंबही न दिसता साठू शकतं.

पोटातच का, याचं उत्तर त्या खांद्यात आहे. डावीकडच्या खालच्या बरगड्यांच्या आड प्लीहा असते, जिला आपण पाणथरीही म्हणतो. ती मऊ असते आणि रक्ताने भरलेली असते. ती फाटली की रक्त छाती आणि पोटामधल्या पडद्याला लागतं. त्या पडद्याची संवेदना वाहणाऱ्या नसा मानेतून येतात आणि खांद्याच्या नसाही तिथूनच निघतात, म्हणून दुखणं खांद्यात जाणवतं. मार न लागलेला डावा खांदा दुखणं हा प्रश्नातला सर्वांत बोलका पुरावा होता.

पर्याय क फार वेळ घेत नाही. मणक्याच्या इजेने येणाऱ्या शॉकमध्ये रक्तवाहिन्या आवळण्याऐवजी सैल पडतात. त्वचा उबदार आणि कोरडी राहते, प्रेशर पडतं आणि नाडी बहुधा संथ असते. इथे सगळं त्याच्या उलट आहे. हृदयाच्या बिघाडाची तर प्रश्नात एकही खूण नाही.

मेसेज पाठवल्यावर सोलापूरच्या मित्राने विचारलं, ‘अगं, पण घाबरलेल्या माणसाचीही नाडी ११८ होतेच की. हातही गार पडतात.’ त्याचं म्हणणं खरं आहे. यातली कुठलीही एक खूण घेऊन शॉक ठरवता येत नाही. थंडीत निरोगी माणसाच्याही नखाचा रंग उशिरा परततो. पण घाबरलेल्या माणसाला धीर दिला, दुखऱ्या भागाला आधार दिला, की नाडी हळूहळू उतरू लागते. रक्तस्राव चालू असेल तर ती चढतच जाते आणि दोन आकड्यांतलं अंतर कमी होत जातं. म्हणून दर पाच मिनिटांनी मोजायचं आणि लिहून ठेवायचं. एका मोजणीपेक्षा तीन मोजण्यांचा कल जास्त सांगतो. मात्र ही मोजणी चालत्या अँब्युलन्समध्ये करायची, रस्त्याच्या कडेला थांबून नाही. भीतीला शॉक समजलो, तर हॉस्पिटलला एक फेरी फुकट जाईल. शॉकला भीती समजलो, तर माणूस जाईल.

उलट बाजूने फसवणारी माणसंही असतात. बीटा-ब्लॉकर गोळ्या घेणाऱ्यांची नाडी रक्तस्रावातही फारशी वाढत नाही. ज्या आजोबांचं रोजचं प्रेशर १६० असतं, त्यांच्यासाठी ११६ हे पडलेलंच प्रेशर असतं. लहान मुलं प्रेशर बराच वेळ धरून ठेवतात आणि मग ते एकदम कोसळतं. त्यामुळे घरातलं माणूस कुठल्या गोळ्या घेतं आणि त्याचं नेहमीचं प्रेशर किती, हे अँब्युलन्समधल्या माणसाला सांगितलं, तर समोरच्या आकड्यांचा अर्थ बदलतो.

प्रश्नाचा दुसरा भाग पुढच्या पानावर होता. पंधरा मिनिटांनंतर त्याच तरुणाची नाडी १४०, प्रेशर ८२/६० आणि तो गुंगीत. आता शॉक कुणालाही ओळखता येईल, पण शरीराने झाकून धरलेला वेळ संपलेला आहे. ज्याने पर्याय अ निवडून रुग्णाला रस्त्यावर शांत करण्यात ती पंधरा मिनिटं घालवली, त्याने ऑपरेशन टेबलाकडे जाण्याची पंधरा मिनिटं गमावली. पोटातला रक्तस्राव रस्त्यावर थांबवता येत नाही, त्याला सर्जन लागतो.

इथे सलाइनचाही मोह होतो. अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहरात छातीला किंवा पोटाला आरपार जखम झालेल्या ५९८ रुग्णांचा अभ्यास १९९४ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना ऑपरेशनपर्यंत सलाइन दिलं नाही, त्यांच्यातले ७० टक्के वाचले. ज्यांना वाटेतच भरपूर दिलं, त्यांच्यातले ६२ टक्के. दाब एकदम वाढला तर नुकतीच धरलेली गुठळी सुटू शकते, आणि सलाइनने रक्त पातळ होऊन गोठण्याची ताकद कमी होते. हा अभ्यास आरपार जखमांचा होता आणि डोक्याला इजा असेल तर हिशोब वेगळा असतो. पण असा रक्तस्राव चालू असताना मनगटातली नाडी लागत राहील इतकंच सलाइन द्यायचं, ही आजची पद्धत अशाच अनुभवांतून आली आहे.

हा प्रश्न आमच्या परीक्षेचा असला, तरी तो रस्त्यावर आधी तुमच्यासमोर येतो. अपघातानंतर माणूस बोलतो आहे, रक्त दिसत नाही, पण हात गार आणि ओले आहेत, तो उगाच अस्वस्थ आहे आणि नाडी भरभर चालते आहे, तर ‘शॉक बसलाय, होईल ठीक’ म्हणू नका. १०८ ला फोन करा. मान-पाठ न हलवता त्याला आडवं राहू द्या, अंगावर पांघरूण घाला. पाणी किंवा चहा देऊ नका, कारण उलटी झाली तर ती श्वासनलिकेत जाऊ शकते आणि थोड्याच वेळात त्याला भूल द्यावी लागू शकते. अँब्युलन्स आली की अपघात किती वाजता झाला आणि मार कुठे लागला, हे दोन्ही सांगा.